सुट्टीच्या दिवशीचे बोलणे

शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन गावांत सध्या तरुण मंडळींच्या गप्पांत एक तक्रार वारंवार ऐकू येते, आणि ती मुलांकडून जितकी येते तितकीच मुलींकडूनही येते. डेटिंग ॲपवर कुणाशी जुळले. पहिल्या दिवशी उत्तरावर उत्तर आले, दुपार कशी गेली ते कळले नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र शुकशुकाट. तीन दिवस, चार दिवस, कधी पुरता आठवडा. मग अचानक एखाद्या सायंकाळी 'काय चाललंय?' असा संदेश येतो, जणू मध्ये काही घडलेच नाही. या मौनाचा अर्थ काय, हा प्रश्न ज्याला त्याला पडतो, आणि ज्याचा त्याचा अर्थ बहुधा स्वतःच्या विरुद्ध निघतो: 'आपल्यातच काही कमी असावे', 'आपण काही चुकीचे बोललो असू', 'दुसरे कुणीतरी मिळाले असावे'.

आमचे मत थोडे निराळे आहे. येथे मौनाइतकाच त्या पहिल्या दिवसाच्या वेगाचाही खुलासा व्हायला हवा, आणि तो कुणी मागत नाही. वेग आपण गृहीत धरतो, त्याला त्या माणसाचा स्वभाव समजतो, आणि मग त्या मापाने पुढचे दिवस मोजतो. मापच चुकीचे असेल तर मोजणी बरोबर कशी येणार?

प्रथम हे पाहू की मौनाचा अर्थ लावणे आपल्याला इतके कठीण का जाते. स्थळे पाहण्याच्या आपल्या जुन्या रीतीत मौन होतेच, किंबहुना भरपूर होते. परंतु त्याला व्याकरण होते. मुलगी पाहून परत निघताना पाहुणे 'घरी विचार करून आठ दिवसांत कळवतो' असे सांगत. आठ दिवस उलटून निरोप आला नाही की नकार समजावा, हे दोन्ही घरांना ठाऊक असे. पत्रिका जुळत नाही हे बहुतेक वेळा नकाराचे सभ्य रूप असे, तेही सर्वांना ठाऊक असे. शिवाय मधे एक मध्यस्थ असे. मामा, आत्याचे यजमान, गावोगावी फिरणारा एखादा विमा एजंट. तो दोन्ही घरी चहा पिई आणि मौनाचे भाषांतर करून सांगे: 'त्यांच्या घरी उसाची तोडणी चालू आहे, महिनाभर थांबा', किंवा 'आता तुम्ही दुसरीकडे बघा'. या रीतीत अन्याय पुष्कळ होता आणि ती परत यावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु तिच्यात एक सोय होती, ती ही की उत्तर न येण्याचे कारण सांगणारा कुणीतरी असे. ॲपने भेट ठेवली आणि मध्यस्थ काढून टाकला. त्याबरोबर मौनाचा शब्दकोशही गेला. आता पडद्यावर फक्त कोरी जागा दिसते, आणि कोऱ्या जागेत वाचणारा स्वतःचीच भीती वाचतो.

आता पहिल्या दिवसाकडे वळू. त्याच्या वेगाची दोन कारणे खुद्द ॲपच्या रचनेत आहेत.

पहिले कारण नियमाचे. बंबल हे ॲप भारतात २०१८ च्या अखेरीस आले. त्याची ओळखच अशी होती की स्त्री-पुरुषांची जुळणी झाल्यावर पहिला संदेश स्त्रीने पाठवायचा, तोही २४ तासांच्या आत; आणि पुरुषाने उत्तर द्यायचे, तेही २४ तासांच्या आत. मुदत टळली की जुळणी नाहीशी. २०२४ मध्ये त्यात सवलत आली आणि स्त्रीला एक प्रश्न आधीच लिहून ठेवण्याची मुभा मिळाली. ज्याच्याशी जुळेल त्याने त्याचे उत्तर द्यायचे. यातली मेख अशी की घड्याळ फक्त पहिल्या देवाणघेवाणीपुरते आहे. एकदा दोन्ही बाजूंनी एकेक संदेश गेला की पुढे कोणतीच मुदत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी उत्तर लवकर आले ते काही अंशी जुळणी हातची जाऊ नये म्हणून आले. घड्याळ थांबल्यावर माणूस आपल्या मूळ चालीवर येतो, आणि आपल्याला वाटते की त्याचा उत्साह ओसरला.

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते सर्वच ॲपना लागू पडते. जुळणी होते ती दोघांनी एकमेकांना पसंत केल्यावर, म्हणजे दुसरा ज्या क्षणी पसंतीची खूण करतो त्या क्षणी. त्या क्षणी निदान एक माणूस ॲप उघडून बसलेला असतोच. आणि संभाषण भराभर चालायचे असेल तर दोघेही त्या वेळी मोकळे असावे लागतात. ज्या जुळण्यांत दोघे एकाच वेळी मोकळे नव्हते त्यांत पहिला दिवस रंगलाच नाही. त्या आपण विसरूनही गेलो. ज्या आपल्या लक्षात राहिल्या त्या नेमक्या सुट्टीच्या दिवशी जुळलेल्या. तेव्हा पहिल्या दिवसाचा वेग हा बहुधा त्या दिवसाचा गुण असतो, त्या माणसाचा नव्हे.

हे साध्या आकड्यांनी पडताळून पाहता येते. आकडे आमचे, केवळ हिशेबासाठी. समजा एका व्यक्तीला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते आणि त्या दिवशी ती पाच तास, म्हणजे ३०० मिनिटे, फोनवर मोकळी असते. उरलेल्या सहा दिवशी रोज १५ मिनिटे, म्हणजे एकूण ९० मिनिटे. आठवड्याची सारी मोकळी मिनिटे झाली ३९०. यांतल्या कोणत्याही एका मिनिटाला जुळणी होऊ शकते असे धरले, तर ती सुट्टीच्या दिवशी होण्याचा संभव ३९० पैकी ३००, म्हणजे दहांत सात ते आठ वेळा. म्हणजे आपली गाठ पडते तीच मुळी त्या व्यक्तीच्या आठवड्यातल्या सर्वांत अपवादात्मक दिवशी. दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ पाच तासांऐवजी पाव तास असतो. त्यात तिच्या आणखी पाच जुळण्या चालू असतील तर वाट्याला येतात अडीच मिनिटे. अडीच मिनिटांत मनाजोगते उत्तर लिहिता येत नाही. म्हणून ते उद्यावर जाते. तिची आवड काडीइतकीही कमी झालेली नाही, तरी कालच्या तुलनेत ती गप्प झाल्यासारखी दिसते.

येथे कुणी म्हणेल की अडीच मिनिटे का होईना, ती रोज यायला हवीत. चार दिवस काहीच नाही याचा अर्थ काय? या प्रश्नाचे उत्तर २००५ साली, डेटिंग ॲप येण्याच्या पुष्कळ आधी, एका भौतिकशास्त्रज्ञाने दिले आहे. आल्बर्ट-लास्लो बाराबाशी यांनी त्या वर्षी 'नेचर' या नियतकालिकात माणसे ई-मेलला उत्तर किती वेळाने देतात याचा अभ्यास मांडला. उत्तरे समान अंतराने येत नाहीत असे दिसले. ती झपाट्याने लागोपाठ येतात, मग दीर्घ शांतता, मग पुन्हा लागोपाठ. कारण साधे आहे. माणूस समोरची कामे वाटून घेऊन थोडी थोडी करीत नाही. तो त्यांची मनातल्या मनात उतरंड लावतो आणि सर्वांत वरचे आधी करतो. वरचे काम लगेच होते. खाली गेलेले काम मात्र खालीच राहते, कारण रोज नवी कामे येऊन त्याच्या डोक्यावर बसतात. त्यामुळे बहुतेक उत्तरे फार लवकर येतात आणि थोडी फार म्हणजे फारच उशिरा. मधली स्थिती विरळा.

त्याच वर्षी बाराबाशी यांनी जोआओ ओलिव्हेरा यांच्यासह चार्ल्स डार्विन आणि अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा पत्रव्यवहार याच दृष्टीने तपासला. दोघांच्याही हजारो पत्रांत तोच घाट आढळला: निम्म्याहून अधिक उत्तरे दहा दिवसांच्या आत, आणि काही मात्र महिनेच नव्हे, वर्षे उलटल्यावर. ज्यांना उशिरा उत्तर मिळाले त्यांच्याविषयी या थोर पुरुषांच्या मनात अनादर होता असे म्हणता येणार नाही. ती पत्रे ढिगाच्या तळाशी गेली होती, एवढेच. बोरीच्या काट्यावर पदर अडकावा तसे मन 'मलाच का उत्तर नाही' येथे अडकते. वस्तुतः ढीग कुणाचाही द्वेष करीत नाही.

ॲपवरचा ढीग आणखी एका कारणाने वाढतो. टिंडरवर पैसे देऊन 'बूस्ट' घेता येतो. त्याने आपले चित्र अर्धा तास परिसरातल्या पुष्कळांच्या पुढे येते. साहजिकच जुळण्या एकदम, झुंडीने येतात. ज्या दिवशी आपल्याशी जुळले त्याच दिवशी आणखी चारांशी जुळले असणे हे अपघाताने घडत नाही, व्यवस्थेनेच घडते. हा ढीग खरा आहे याची कबुली हिंज या ॲपने २०२४ मध्ये आपल्या परीने दिली: ज्यांच्याकडे आठ किंवा अधिक संभाषणे उत्तरावाचून पडून आहेत त्यांनी ती आधी पुढे न्यावीत किंवा मिटवावीत, तोवर नवी जुळणी नाही, असा नियम त्यांनी आणला. उत्तर न देणे हा व्यक्तिगत दोष असता तर असा सरसकट नियम करण्याचे कारण पडले नसते.

येथवर सांगितले ते जगात कोठेही खरे आहे. शिरूर-दौंडची म्हणून जी गोष्ट आहे ती वेगळी, आणि आमच्या मते तीच अधिक महत्त्वाची. महानगरातल्या कार्यालयीन माणसाच्या खिशात फोन दिवसभर जागा असतो. या दोन तालुक्यांत ज्या कामांवर तरुण पिढीचे पोट चालते त्यांतली कित्येक कामे फोन हातात ठेवूच देत नाहीत.

शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, दौंड तालुक्यात कुरकुंभची. रांजणगावच्या कारखान्यांत काम करणारी मुले कारेगावसारख्या लगतच्या गावांत खोल्या घेऊन राहतात आणि पाळीने कामावर जातात; यंत्रावर उभे असताना फोन कपाटात राहतो. कुरकुंभ ही रसायनांची वसाहत. ज्वलनशील द्रावके हाताळली जातात त्या विभागात साधा मोबाइल नेणे म्हणजे ठिणगी नेणे, म्हणून तो दाराशीच ठेवावा लागतो. दौंड हे तर मोठे रेल्वे जंक्शन. गाडी चालवणाऱ्या लोको पायलटने कामावर असताना स्वतःचा फोन बंद ठेवावा असा रेल्वेचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. गाडी पोचवून झाली की दूरच्या स्थानकावरच्या विश्रामगृहात झोप, मग मिळेल त्या गाडीवर परत. घराबाहेर दोन-दोन, तीन-तीन दिवस काढावे लागतात ही या लोकांच्या संघटनांची जुनी तक्रार आहे. अशा माणसाशी रविवारी जुळावे आणि बुधवारपर्यंत उत्तर येऊ नये यात रहस्य कसले? शेती करणाऱ्याची गत निराळी नाही. कृषिपंपाची थ्री-फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीने येते. ज्या आठवड्यात रात्रीची लाइट असते त्या आठवड्यात तो रात्री बाऱ्यावर असतो आणि दिवसा झोपलेला.

मुलींच्या बाबतीत प्रश्न पाळीचा कमी आणि आडोशाचा अधिक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत, देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे त्या स्वतः वापरतात असा मोबाइल होता. उरलेल्यांचे सोडा, ज्यांच्याकडे आहे त्यांच्याही हातातला फोन धाकटा भाऊ खेळायला घेतो, आई त्यावरून मावशीला लावते. दोन खोल्यांच्या घरात संदेशाचा आवाज सर्वांना ऐकू येतो. मुलगी ॲपची सूचना बंद करते, कधी ॲपच काढून टाकते आणि संधी मिळाली की पुन्हा घेते. समोरच्याला हे दिसत नाही. त्याला दिसते ते केवळ मौन.

आता हे सारे एकत्र आले की काय होते ते एका कल्पित जोडीवरून पाहू. तो रांजणगावला कामाला, कारेगावात खोली. पाळ्या तीन: सकाळी सहा ते दोन, दोन ते रात्री दहा, रात्री दहा ते सकाळी सहा, दर आठवड्याला बदलतात, रविवारी सुट्टी. ती दौंडची, पुण्यात नोकरीला. सकाळी सातच्या सुमारास गाडी धरते, रात्री साडेआठला घरी येते, तिलाही रविवार मोकळा. एका रविवारी दुपारी दोघांचे जुळते. घरची मंडळी लग्नाला गेलेली. एक ते सहा अखंड बोलणे होते.

सोमवारी त्याची पहिली पाळी. दोनला सुटतो, साडेतीनला संदेश पाठवतो. तिला तो दिसतो सायंकाळच्या गाडीत, तेव्हा तिच्या खांद्याला खांदा लावून शेजारच्या काकू बसलेल्या असतात. ती फोन उलटा ठेवते. घरी गेल्यावर पाहू. घरी जेवण, आवराआवर, सर्व निजेपर्यंत पावणेअकरा. आता ती एकटी आहे. पण त्याला पाचच्या बसला जायचे असल्याने तो झोपला असणार हे काल त्यानेच सांगितलेले. शिवाय मुलीने रात्री अकराला संदेश पाठवावा का, हाही विचार आहेच. उद्या पाहू. मंगळवारी तेच. बुधवारी एक नवी अडचण उभी राहते: उशीर. पहिल्या तासात 'हो ना!' एवढे उत्तर पुरले असते. तीन दिवसांनी ते पुरत नाही. आता कारण सांगायला हवे, क्षमा मागायला हवी, काहीतरी चांगले लिहायला हवे. सावकाराच्या व्याजासारखे उत्तराचे देणे दिवसागणिक फुगते, आणि देणे जितके मोठे तितके ते पुढे ढकलले जाते. आमच्या मते मधल्या चार दिवसांतले निदान दोन दिवस हे केवळ या संकोचाचे असतात.

रविवार आला की पुन्हा दोघे मोकळे, पुन्हा बोलणे. दुसऱ्या आठवड्यात त्याची दुपारची पाळी. तो दहाला सुटून अकराला खोलीवर येतो, ती पावणेअकराला एकटी होते. अकरा ते साडेअकरा रोज बोलणे! दोघांनाही वाटते की आता काहीतरी जमले. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळी. तिच्या मोकळ्या वेळी तो यंत्रावर, त्याच्या जागेपणी ती कार्यालयात किंवा गाडीत. संपूर्ण शांतता. पुढचा सोमवार येतो तो पुन्हा पहिल्या पाळीचा. या तीन आठवड्यांत दोघांच्याही मनात काहीच बदललेले नाही. बदलली ती फक्त कारखान्याच्या फळ्यावरची पाळी. परंतु दोघांपैकी कुणीही आपली पाळी दुसऱ्याला सांगितली नसेल, तर दोघांनाही तीन आठवड्यांत दोनदा आपण नाकारले गेलो असे वाटून जाते.

एवढ्यावरून प्रत्येक मौन पाळीमुळेच येते असे कुणी समजू नये. अनास्था हेही कारण असते, आणि पुष्कळदा तेच असते. पहिल्या दिवसाच्या गप्पांत जे रंगले ते दुसऱ्या दिवशी फिके वाटू शकते. शिरूर आणि दौंड यांत सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर आहे; ॲप साधारण असेच अंतर दाखवते. पण शिरूरला रेल्वे नाही, रस्ता सरळ रेषेने जात नाही, आणि सायंकाळी परतीची बस मिळेल याची खात्री नाही. भेटायचे कसे याचा विचार सुरू झाला की काहींचा उत्साह तेथेच संपतो. कित्येक मुली त्या मधल्या दिवसांत चौकशी करीत असतात: आडनाव, गाव, कुणाच्या ओळखीतला आहे का. येथे दोन ओळखींच्या पलीकडे कुणीच अनोळखी नसते, म्हणून ही चौकशी शहाणपणाची आहे, आणि तिच्या अखेरीस कधी कधी नकारच येतो.

मग ओळखायचे कसे? मौनाच्या लांबीवरून ओळखता येत नाही, हे आमचे म्हणणे. चार दिवस हे अनास्थेचेही असू शकतात आणि रात्रपाळीचेही. नावाशेजारच्या हिरव्या ठिपक्यावरूनही ओळखता येत नाही. टिंडरवरचा तो ठिपका इतकेच सांगतो की ही व्यक्ती अलीकडे ॲपवर येऊन गेली. उभ्या उभ्या ॲप उघडणे वेगळे आणि बसून उत्तर लिहिणे वेगळे. ओळख पटते ती परत येण्याच्या रीतीवरून. परत आलेली व्यक्ती तुटलेला धागा उचलते का? 'मागच्या वेळी तुझ्या बहिणीच्या परीक्षेचे म्हणत होतास, काय झाले?' असे विचारणारा माणूस मधल्या दिवसांत तुम्हाला विसरलेला नव्हता. 'हाय, काय चाललंय' एवढेच म्हणणारा कदाचित पाच जणांना एकाच वेळी तेच विचारीत असेल. दुसरी खूण म्हणजे आपणहून दिलेली माहिती: 'या आठवड्यात रात्रपाळी आहे, रविवारी बोलू'. असे एक वाक्य पन्नास तत्पर उत्तरांहून मोलाचे, कारण ते समोरच्याची वाट पाहणे लक्षात घेऊन लिहिलेले असते. तिसरी खूण कालांतराने दिसते: खंड कामाच्या चक्राशी जुळतो का? दर तिसऱ्या आठवड्याला येणारे मौन पाळीचे. भेटीचा विषय निघाला की दर वेळी येणारे मौन नकाराचे. एका खंडावरून यातले काहीच ठरत नाही, निदान दोन-तीन खंड पाहावे लागतात. तेवढे थांबण्याची तयारी नसेल तर तसे स्वतःशी कबूल करून बाजूला व्हावे, त्यातही गैर काही नाही.

वाट पाहणाऱ्याच्या बाजूनेही एक सांगायला हवे. अनिश्चित काळाने मिळणारे फळ माणसाला सर्वांत घट्ट धरून ठेवते, हे फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून दाखवले आहे. कळ दाबल्यावर दर वेळी दाणा मिळत असेल तर दाणे बंद होताच कबुतर लवकरच कळ सोडते. पण कधी मिळतो, कधी नाही, असे असेल तर फळ बंद झाल्यावरही ते दीर्घकाळ टोच मारीत राहते. पहिल्या दिवसाचा पाऊस आणि नंतरची अनियमित सर, ही नेमकी तीच रचना. म्हणून जो दर दहा मिनिटांनी फोन पाहतो तो दुबळा नव्हे. परंतु त्या ओढीला प्रेम समजणेही बरोबर नव्हे. नियमित उत्तर देणाऱ्या सज्जनाकडे दुर्लक्ष होऊन चार दिवसांनी एकदा येणाऱ्याकडेच मन धावते, ते या रचनेमुळे.

आणि येथेच खरा धोका आहे. मौन असह्य झालेला मुलगा दुसरा संदेश पाठवतो, तिसरा पाठवतो. मग आडनावावरून तिला इतरत्र शोधून काढतो, तिच्या मैत्रिणीला विचारतो, एखादे दिवशी स्थानकावर उभा राहतो. त्याच्या लेखी ही तळमळ असते. तिच्या लेखी तो पाठलाग असतो, आणि कायद्याच्या लेखीही: स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दर्शवल्यावरही वारंवार संपर्क साधण्याचा प्रयत्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. कायद्यापर्यंत गोष्ट न गेली तरी दौंडसारख्या गावात स्थानकावर उभ्या राहिलेल्या एका मुलाची वार्ता तिच्या घरी पोचायला एक सायंकाळ पुरते, आणि त्यानंतर तिचा फोनच काय, पुण्याची नोकरीही जाऊ शकते. मौनाचा चुकीचा अर्थ लावण्याची किंमत दोघे सारखी मोजत नाहीत.

म्हणून आमचा आग्रह एवढाच आहे. जो गप्प होणार आहे त्याने, किंवा तिने, गप्प होण्यापूर्वी एक ओळ लिहावी. पहिल्या रविवारच्या पाच तासांत आवडते चित्रपट सांगून होतात. त्यांतच आपली पाळी, आपला मोकळा तास आणि घरात फोन केव्हा हाती असतो हेही सांगावे. मन संपले असेल तर तेही एका ओळीत सांगावे. 'आठ दिवसांत कळवतो' म्हणणाऱ्या पाहुण्यांहून आपण अधिक सरळ असू शकतो. आणि जो वाट पाहतो त्याने एक संदेश पाठवावा, ज्याला उत्तर द्यायला संकोच वाटणार नाही असा, 'सवडीने लिही' एवढाच. उत्तर आले नाही तर दुसरा पाठवू नये. 'सवडीने लिही' या दोन शब्दांनी उशिराचे सारे व्याज माफ होते, आणि समोरच्याला लिहायचे असेलच तर येत्या रविवारी तो लिहील.